हरवलेलं खरेदीखत

"माझ्या नावावर एक रुपयाचंही कर्ज नाही," असं फ्लॅट विकणारे गृहस्थ आम्हाला शांतपणे सांगत होते, आणि ते खरं होतं. हेच मला अजून पचलेलं नाही.

पुण्यातला रीसेलचा फ्लॅट. सोसायटी, पाणी, पार्किंग सगळं पसंत होतं. वकिलांनी 30 वर्षांचा सर्च घेतला, रिपोर्ट कोरा आला. इंडेक्स टू आम्ही स्वतः काढली: दस्त क्रमांक, क्षेत्रफळ, मोबदला, भरलेलं मुद्रांक शुल्क, सगळं त्यांच्या खरेदीखताच्या झेरॉक्सशी जुळत होतं. फक्त मूळ खरेदीखत नव्हतं. घर बदलताना हरवलं म्हणे. पोलिसांचा दाखला होता, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस होती, दुय्यम निबंधकांकडची प्रमाणित नक्कल होती. एजंट म्हणाला, "ताई, याहून जास्त काय हवं?"

पण ही नक्कल अर्ज करून, फी भरून कोणालाही मिळते, मलाही मिळाली असती. मूळ दस्त कोणाकडे आहे, हे तिच्यातून कळत नाही. आणि मूळ दस्त बँकेत नुसता ठेवूनही फ्लॅट गहाण टाकता येतो. अशा गहाणाची सूचना 30 दिवसांत दुय्यम निबंधकांकडे देण्याची सक्ती महाराष्ट्रात 2013 पासून आली. त्याआधीचं गहाण सर्चमध्ये दिसेलच असं नाही. म्हणजे वकिलांचा रिपोर्ट चुकीचा नव्हता. जे नोंदवलंच गेलं नाही ते त्यात येणार कुठून?

माझ्या नणंदेनं बँकेत नोकरी केलेली. ती म्हणाली, "वहिनी, सरसाईवर बघ." बँकांकडे तारण असलेल्या मालमत्तांची ही केंद्रीय नोंदवही 2011 मध्ये सुरू झाली, थोडी फी भरून कोणालाही पाहता येते. विक्रेत्याच्या नावावर न थांबता फ्लॅट नंबर, सर्व्हे नंबर टाकून मिळकतीवरून शोधलं. निघालं! 2012 मध्ये भावाच्या धंद्याच्या कर्जाला हा फ्लॅट तारण दिला होता. कर्जदार भाऊ, त्यामुळे यांच्या नावावर कर्ज नाही, हे अक्षरशः खरं.

सरसाईही अपुरी आहे. बँकेनं नोंद केली तरच दिसते. म्हणून मूळ दस्त हातात घेऊन पाहिल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. विक्रेत्याचं कर्ज असेल तर मूळ कागद बँकेकडे असल्याचं आणि बाकी किती हे तिच्याकडून लेखी घ्यावं, पैसे थेट कर्जखात्यात भरावेत. तारण असलेला फ्लॅट विकत घेणं वाईट नाही, लपवलेलं तारण वाईट.

आम्ही दिलेलं टोकन परत मिळालं. कर्जाचा विषय काढल्यावर ते गृहस्थ एवढंच म्हणाले, "भाऊ फेडतो म्हणाला होता." त्यांची दया आली मला. पण पोलिसांकडे जाऊन खोटी तक्रार लिहून देणारा हात भावाचा नव्हता, आणि ती दया फार दिवस टिकली नाही.