कुर्ते शिवून झाले, नाव सुचेना

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात आहे, हे तिथे रोज येणाऱ्या पुष्कळ जणांना ठाऊक नसतं. माझं गिऱ्हाईक तिथलंच. सणाचा कुर्ता त्यांना सोमवारीही ऑफिसला घालायचा असतो. म्हणून पौडला मावशीच्या शिलाई मशीनवर मी सुती कुर्ते शिवले, गळपट्टी आणि बाही खणाची. कापड सुचलं, माप बसलं. नावापाशी मात्र गाडी अडली ती अडलीच.

मला 'मुळशी खण' हवं होतं. ओळखीच्या वकीलताई म्हणाल्या, "अगं, खण सगळेच विकतात आणि मुळशी सगळ्यांची. यावर तुझा एकटीचा हक्क कसा लागेल?" ट्रेडमार्क कायदा 1999, कलम 9 : मालाचा प्रकार किंवा तो कुठला आहे एवढंच सांगणारं नाव सहसा नोंदवलं जात नाही. शॉप अ‍ॅक्टच्या परवान्यावर तेच नाव असलं तरी त्याने ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. मला तर तो परवाना म्हणजेच नावाची नोंदणी वाटत होती.

मग 'सणवार'. घरी सगळ्यांना आवडलं. मैत्रिणींना फोनवर सांगून टाइप करायला लावलं, तर Sanwar, Sanvar, Sanavar असे वेगवेगळे अवतार निघाले. रोमन लिपीत 'ण' उरत नाही, आणि हिंदी बोलणाऱ्या सहकारिणीने ते 'सँवार' वाचलं. ज्या गिऱ्हाइकाला नाव शोधताच येणार नाही, ते परत येणार कसं? जीव तुटला, पण ते सोडलं.

आता 'मखर' धरलंय. सण त्यात आहे, कापडाचं वर्णन नाही, आणि मानेच्या लेबलवर ठळक अक्षरांत मावतं. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्ग 25, म्हणजे कपडे, निवडून शोध घ्यायचा असतो. हुबेहूब नाव नाही म्हणून थांबायचं नाही. उच्चारावरून शोधायचा पर्याय वेगळा आहे, तो वापरायचा, कारण कानाला सारखी वाटणारी नावंही आड येतात. मी Makhar बरोबर Makar, Makhaar सुद्धा तपासतेय. दुकानदारीचा वर्ग 35 वेगळा, तोही बघायचा.

ऑनलाइन अर्जाला एका व्यक्तीसाठी दर वर्गाला 4,500 रुपये लागतात. तपासणीत अर्ज टिकला तर नाव जर्नलमध्ये छापतात आणि हरकतीसाठी चार महिने ठेवतात. तोवर लेबलवर 'टीएम' लावता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो गुन्हा आहे. आणि लेबलं विणायला टाकण्याआधी शोध पूर्ण करा.