बाबागाडीतल्या बाळाशी बोलताना

प्रिय आत्या,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बागेत त्या मुलीनं बाबागाडी झटकन मागं ओढली, मी काय चोर होते?" तुझा आवाज जरा दुखावलेला वाटला, म्हणून सविस्तर लिहितेय. सध्या मी त्या मुलीच्याच जागी आहे. आमची चिमी नऊ महिन्यांची झाली.

बाळाकडे बघून कुणी हसलं की आईला बरंच वाटतं गं. दिवसभर दुपटी आणि वाट्या-चमचे, त्यात एखाद्या परक्या माणसानं "काय टकामका बघतंय!" म्हटलं तर शीण उतरतो. धास्ती वाटते ती हाताची. कुणी गालगुच्चा घेतं, कुणी पापी घेतं, आणि बहुतेक जणांना बाळाची मूठ धरायची असते. ती मूठ दोन मिनिटांत तोंडात जाते. डांग्या खोकल्याच्या लशी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात, गोवराची तर नवव्या महिन्यानंतर. मोठ्या माणसाला ज्याचा नुसता रेंगाळलेला खोकला होतो, त्या डांग्या खोकल्यानं तान्ह्याचा श्वास अडकतो. ओठाच्या कडेला तापाचा फोड असताना घेतलेली पापी तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला की डॉक्टर घरी बसू देत नाहीत. हे सगळं त्या मुलीच्या डोक्यात असतं, आणि तुझा हात पुढं येताना तिला बोलायला सवडच मिळत नाही. मग ती गाडी ओढते. अगदीच राहवलं नाही तर विचारून पायाला हात लाव, तोही मोज्यावरून.

आणखी एक. बाबागाडीचं छत पुढं ओढलेलं असतं. आतल्या बाळाला समोरचं थोडंसंच दिसतं, आणि तेवढ्यात वरून अख्खा चेहरा खाली येतो, तोही "अले अले" करत. दोन-तीन महिन्यांचं बाळ तरी हसेल. ते कुणालाही हसतं. पण साधारण सहा-आठ महिन्यांपासून त्याला आपलं कोण, परकं कोण हे कळायला लागतं, आणि काल हसलेलं बाळ आज भोकाड पसरतं. त्यात तुझं काही चुकलेलं नसतं. हे पुढं कितीतरी महिने चालतं.

मागच्या महिन्यात लोकलच्या लेडीज डब्यात मी चिमीला मांडीवर घेऊन बसले होते. समोर एक कोळीण मावशी रिकामी पाटी पायाशी ठेवून टेकल्या. त्यांनी चिमीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आधी मला विचारलं, "किती महिन्यांची?" मग उन्हाबद्दल, गर्दीबद्दल दोन शब्द बोलल्या. चिमी एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा माझ्या तोंडाकडे. या वयात मुलं तसंच करतात. आईचा चेहरा सैल आहे की ताणलेला, यावरून समोरच्याचा अंदाज घेतात. मी हसतेय म्हटल्यावर तिनं मान वळवली. तेव्हा मावशींनी पदराआडून अर्धा डोळा काढला आणि परत खिडकीबाहेर बघायला लागल्या. पुन्हा पदर, पुन्हा डोळा. दोन स्टेशनं गेली आणि आमची रडूबाई खिदळत पुढं झुकली. मावशींनी बोट पुढं केलं नाही. चिमीनंच त्यांचा पदर धरला. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं.

बाकी आम्हा आयांना सर्वांत जास्त टोचतात ते प्रश्न. "वर्ण बाबांवर गेलाय वाटतं," "टोपी नाही घातली?", "अजून रांगत नाही?", आणि कहर म्हणजे "दूध पुरतं ना?" हा शेवटचा प्रश्न ऐकून मी एकदा घरी येऊन रडले होते. आणि न विचारता फोटो काढणारे, त्यांच्याबद्दल तर लिहायलाच नको. नुसतं "गोड आहे हं" पुरतं. समोरच्या बाळाला तीट लावलेली दिसली, तर पाठोपाठ "दृष्ट नको लागायला" म्हण. तुझा माझा विश्वास असो-नसो, त्या आईचा जीव भांड्यात पडतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही नाशिकला येतोय. तू तिला बारशाला मांडीवर घेतलं होतंस, पण तिला ते आठवणार नाही, दारातच रडेल. तेव्हा लगेच ओढून घेऊ नकोस. माझ्याशी बोलत बस, चहा टाक, आणि तुझा तो डाळीचा डबा शेजारी ठेवून खुळखुळव. संध्याकाळपर्यंत येईल तुझ्याकडे. नाहीच आली, तर दुसऱ्या दिवशी.

तुझी,
मनू