येऊन राहिलो

कथालेखनाच्या स्वाध्यायासाठी एका विद्यार्थिनीने दिलेली नऊ पानांची कथा मी दोनदा तपासली. पहिल्या वेळी मी तिच्यातील एक वाक्य दुरुस्त केले आणि त्या दुरुस्तीने तिची कथाच मोडली. ही हकीकत मी आपल्यापुढे ठेवतो आहे ती एवढ्याचसाठी, की बोलीविषयी आपण परीक्षेत जे लिहितो आणि हातात लाल पेन आल्यावर जे करतो त्यांत किती अंतर असते, हे त्या प्रसंगाने मला दाखवले.

कथा साधीच होती. वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारा, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा पुण्यातील प्रकाशनसंस्थेत इंटर्नशिपच्या मुलाखतीला निघतो. दोन महिने मुद्रिते तपासण्याचे काम असते. मुलाखत दुपारी बाराची. तो संध्याकाळच्या एस. टी.ने अकोल्याला जाणार, तेथून मध्यरात्रीची रेल्वे पकडणार आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास पुण्याला उतरणार, असा बेत असतो. एस. टी.त बसल्यावर संस्थेतील बाईंचा फोन येतो. उद्याचे नक्की ना, असे त्या विचारतात. तो अदबीने म्हणतो, "हो मॅडम, येऊन राहिलो."

या वाक्याखाली मी रेघ मारली, समासात 'अशुद्ध' असे लिहिले आणि वर दुरुस्ती केली : 'येत आहे'. मग पुढे वाचू लागलो.

पुढे त्या बाई म्हणतात, "अरे वा, आदल्या दिवशीच येऊन राहिलात! मग बाराऐवजी दहालाच या." मुलगा गोंधळतो, पण वडीलधाऱ्या माणसाला नाही कसे म्हणावे, म्हणून 'बरं' म्हणून जातो. रात्रभर जनरल डब्यात उभ्याने प्रवास करताना तो एकच हिशेब करीत राहतो. भुसावळ जाते, मनमाड जाते. दौंडला गाडी थांबते तेव्हा दहाला पोचणे अशक्य आहे हे त्याला कळून चुकते. तो अकरा वाजता संस्थेत पोचतो. बाई विचारतात, "काल येऊन राहिलो म्हणालात ना?" त्या क्षणी, आपण काय म्हणालो आणि त्यांनी काय ऐकले हे त्याच्या ध्यानात येते. सांगावे कसे, हे मात्र सुचत नाही. तो माफी मागतो, समोर ठेवलेले मुद्रित बिनचूक तपासून देतो आणि 'कळवू' हे उत्तर घेऊन बाहेर पडतो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही खोडलेल्या वाक्यावरच कथा उभी आहे." थोडे थांबून तिने जोड दिली, "आणि 'येत आहे' असं फोनवर आमच्या गावात कोणी म्हणत नाही. पुण्यात तरी म्हणतात का?" म्हणत नाहीत. पुण्यातला माणूस 'येतोय' म्हणेल. मी सुचवलेले वाक्य कोणाच्याच तोंडचे नव्हते.

खोडलेल्या वाक्याचे व्याकरण पाहू. प्रमाण मराठीत 'येऊन' हे पूर्वकालवाचक रूप आहे. आधी येण्याची क्रिया पूर्ण होते, मग राहण्याची घडते. म्हणून बाईंनी लावलेला अर्थ त्यांच्या मराठीप्रमाणे बरोबरच होता. वऱ्हाडीत मात्र या रचनेतील 'राहणे' वस्तीचा अर्थ सोडून सहायक क्रियापद झाले आहे आणि क्रिया चालू असल्याचे तेवढे सांगते. याची खूण सोपी आहे. 'बस सुटून राह्यली' या वाक्यात कोणीच कोठे राहत नाही. 'तो पुण्याले राहून राह्यला' या वाक्यात तर 'राहणे' दोनदा येते. पहिले वस्तीचे, दुसरे केवळ काळाची अवस्था दाखवणारे. हिंदीतील 'आ रहा हूँ' आपल्या कानावर आहेच. खानदेशात अहिराणी बोलणारा 'काय करी ऱ्हायना?' असे विचारतो, तेव्हाही तेच क्रियापद तेच काम करीत असते. ज्याला मी अशुद्ध म्हटले, ती एका मोठ्या प्रदेशातील नियमित रचना होती.

मग तो मुलगा सावध असूनही फसला का? कथेत तो निघण्यापूर्वी आरशापुढे सराव करतो. 'पानी' नव्हे 'पाणी', 'डोया' नव्हे 'डोळा', 'मले' नव्हे 'मला', असे तो घोकतो. शहरात जाणारा प्रत्येक जण असेच करतो, कारण ध्वनी आणि प्रत्यय कानाला वेगळे लागतात आणि म्हणून पकडता येतात. 'येऊन' आणि 'राहिलो' हे दोन्ही शब्द मात्र पुस्तकातलेच आहेत. शब्द ओळखीचे, जोडणी वेगळी. त्यामुळे बोलणाऱ्याला आपण बोलीत बोललो याचा पत्ताच लागत नाही. ऐकणाऱ्यालाही बोली ऐकू येत नाही, त्याला दुसराच अर्थ ऐकू येतो. त्या मुलीने भाषाविज्ञानाचे एकही पुस्तक न उघडता नेमकी ही जागा हेरली होती.

मी स्वतः वऱ्हाडातला. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) मी वर्गात शिकवत आलो आहे आणि तिच्यातील वऱ्हाडी संवादांचे सामर्थ्य दरवर्षी समजावून सांगत आलो आहे. तरीही माझा हात त्या वाक्यावर थबकला नाही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीपूर्वी मीही असाच आरशापुढे उभा होतो. तेव्हा खोडायला लागलो, तो विद्यार्थिनीच्या वहीपर्यंत खोडतच आलो.

मी लाल रेघ मागे घेतली आणि तिला एकच अडचण सांगितली. कोल्हापूरचा किंवा रत्नागिरीचा वाचक फोनवरचे ते वाक्य बाईंसारखेच ऐकेल आणि कथेचा पेच त्याच्या हातून निसटेल. तळटीप देऊन हे भागणार नाही. वाचकाला ती रचना आधीच ऐकवायला हवी. तिने घरी जाऊन सुरुवातीला दोन वाक्ये घातली. फाट्यावर वाहक ओरडतो, "चढा लवकर, गाडी सुटून राह्यली!" आणि खिडकीशी उभी असलेली माय म्हणते, "जपून जाजो. पोचला का सांगजो." आता फोन येईपर्यंत वाचकाला त्या रचनेचा अर्थ ठाऊक झालेला असतो, बाईंना मात्र नसतो. कथेतील सगळा ताण त्या दोघांमधील या फरकात आहे.

शेवटही तिने बदलला. आधीच्या खर्ड्यात मुलाची निवड झाल्याचे पत्र येत होते. नव्या शेवटात तो परतीच्या गाडीत बसलेला असतो आणि मायचा फोन येतो. "कोठी आहेस? काय करून राह्यला?" दिवसभराच्या धसक्याने तो उत्तर देतो, "येतोय."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग माय विचारते, "कोन बोलून राह्यलं?"

या ओळीखाली मी काहीच लिहिले नाही.