वहीतल्या साड्या

लग्न झाल्यापासून मी घरखर्चाची वही लिहिते. दूध, किराणा, गॅस, मुलीची फी, सगळं तारखेसकट. ही सवय माझ्या आईची. एका दिवाळीला आवराआवर करताना मागच्या काही वर्षांच्या वह्या घेऊन सहज चाळत बसले. एका पानावर होतं, ‘मोबाइलची काच बदलली’ आणि त्याखाली दोन दिवसांनी, ‘साडी, पंडरी’. दुसरीकडे, ‘काचेचे पेले, अर्धा डझन’ आणि लगेच, ‘चांदीची जोडवी, सदर बाजार’. मग मी पानं उलटत गेले. घरात काही फुटलं की पाठोपाठ काहीतरी सुंदर यायचं. वाढदिवसाच्या, पाडव्याच्या तारखांना मात्र बहुतेक काहीच नव्हतं.

रायपूरच्या पुरानी बस्तीत आमचं सासर. महामाया मंदिर आणि दूधाधारी मठ यांच्या मधल्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरं आहेत, त्यामुळे आवाज कुठे थांबत नाही. भांडण जसं ऐकू जातं, तशी भेटवस्तूही दिसते. छत्तीसगडात तीजाला बायका माहेरी जातात आणि लुगडं माहेरचं मिळतं. नवऱ्याने अवेळी साडी आणली की शेजारच्या काकी गॅलरीतून हसून विचारायच्या, ‘फेर लुगरा लानिस का ओ?’ त्या ‘फेर’चा अर्थ आम्हा दोघींनाही माहीत होता.

नवरा वाईटच होता असं मी म्हणणार नाही, आणि अडचण नेमकी तिथेच होती. भांडणानंतरचे त्याचे तीन-चार दिवस फार गोड असायचे. गोल बाजारातून जिलबी आणायचा, मुलीचा अभ्यास घ्यायचा, माझे पाय दुखतात म्हणून तेल गरम करून द्यायचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 साली मार सोसणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्यात हे चक्र मांडलंय: आधी ताण साचतो, मग स्फोट होतो, मग पश्चात्तापाचं प्रेम येतं आणि पुन्हा ताण साचू लागतो. प्रत्येक घरात हे असंच चालतं असं नाही. पण वर्षं सरतात तसा तो प्रेमाचा काळ आखडत जातो, ही त्यांची गोष्ट माझ्या वहीशी जुळली. आधी साडी, मग जोडवी आणि शेवटी शेवटी नुसती जिलबी.

मग एकदा अचानक पैंजण आलं, ते गणपतीत. आरतीला त्याच्या ऑफिसची माणसं आली होती. प्रसादाला थोडा उशीर झाला, तर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘हिच्या बापाने मुलगी दिली, अक्कल द्यायची राहिली.’ बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. रात्री मी विषय काढला तर मनगट धरून पिरगाळलं. तिसऱ्या दिवशी सदर बाजारातली लाल डबी पुढ्यात आली.

त्याआधी मी कालीबाडी चौकातल्या सखी केंद्रात जाऊन आले होते. हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं देशातलं असं पहिलं केंद्र 2015 साली आमच्या रायपुरातच सुरू झालं. तिथल्या समुपदेशक बाईंनी एकच विचारलं होतं, ‘माफी मागताना ते काय म्हणतात, शब्द जसेच्या तसे सांगा.’ मी सांगितलं, ‘झालं ते झालं, डोकं गरम होतं, तूही बोललीसच ना, आता विसर.’ बाई म्हणाल्या, ‘यात त्यांनी काय केलं, ते कुठे आहे?’ मी कितीतरी वेळ गप्प होते. खरंच कुठेच नव्हतं. माझी चूक होती, त्याच्या डोक्याची उष्णता होती आणि मी विसरण्याची घाई होती.

वस्तू लगेच न स्वीकारता काय होतं ते पाहा, असं त्यांनी सुचवलं. पण त्याआधी बजावलं की नकारानंतर हात उठेल अशी भीती असेल, तर हे एकटीने करायचं नाही. कागदपत्रं आणि थोडे पैसे बाहेर ठेवायचे आणि कुणाला तरी सांगून ठेवायचं. आधार, मुलीचा जन्मदाखला आणि बँकेचं पासबुक मी तात्यापाऱ्यात आईकडे ठेवून आले.

डबी न उघडता कपाटावर ठेवली आणि म्हणाले, ‘आधी त्या दिवसाबद्दल बोलू, मग उघडते.’ पहिल्या दिवशी तो हसला, चहा करून दिला. दुसऱ्या दिवशी गप्प. तिसऱ्या दिवशी जेवताना ताट सरकवून म्हणाला, ‘एवढे पैसे घातले तरी तोंड वाकडंच. तुझ्या बापाने कधी घेतलं होतं का असलं काही?’ ज्या अपमानाची भरपाई म्हणून पैंजण आलं होतं, तोच अपमान आता पैंजणाच्या तोंडून पुन्हा झाला. पुढे पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, पैसे मुलीच्या फीसाठीच्या आवर्ती ठेवीतले होते. म्हणजे किंमतही त्याने मोजली नव्हती.

खरी दुरुस्ती मी त्याच घरात पाहिली, धाकट्या दिरांकडून. दुकानाच्या गल्ल्यात पैसे कमी भरले, तेव्हा त्यांनी रविवारच्या पंगतीत सगळ्यांसमोर जावेवर संशय घेतला. हिशोब नंतर जुळला. चूक त्यांचीच निघाली. पुढच्या रविवारी, तीच माणसं बसलेली असताना, ते म्हणाले, ‘त्या दिवशी मी हिला चोर ठरवलं. बेरीज माझी चुकली होती. तुम्ही ऐकलंत, म्हणून तुमच्यासमोरच सांगतो.’ जखम जिथे झाली, तिथेच मलम लावलं. आणलं काहीच नाही. जाऊ त्यानंतरही कित्येक आठवडे नीट बोलत नव्हती, पण ‘आता माफ कर की’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मला मात्र पटलं ते काही महिन्यांनी. पुन्हा गल्ला जुळेना, तेव्हा ते ओट्यावर जाऊन उभे राहिले, परत आले आणि स्वतः पहिल्यापासून मोजायला बसले. माणूस संत नाही, तंबाखू अजून सुटलेली नाही. पण त्या जागी ते बदलले होते.

भेटवस्तूलाच मी दोषी धरत नाही. माझे बाबा आईवर ओरडले की संध्याकाळी न बोलता तिच्या आवडीची मेथी निवडून ठेवायचे. त्यांना शब्द यायचे नाहीत. पण आईने मेथीकडे पाहिलं नाही तरी ते चिडत नसत आणि पुढच्या भांडणात ती मेथी कधी निघाली नाही.

पैंजण मी डबीसकट परत केलं. आता मुलीला घेऊन तात्यापाऱ्यात राहते. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005च्या कायद्यात टाकून बोलणं, अपमान करणं, पैशांची कोंडी करणं हेही हिंसेतच धरलं आहे; मार लागलाच पाहिजे असं नाही. तुमच्याही घरात फुटणं आणि आणणं असं पाठोपाठ चालत असेल, तर तारखा लिहून ठेवा. भीती वाटत असेल, तर लिहीत बसू नका, 181 वर फोन करा. सखी केंद्रात सल्ल्याचे पैसे लागत नाहीत आणि तक्रार करायचीच अशी सक्तीही नाही.