फोटोतलं गणित

कंपनीच्या शेअर्सची गणितं शिकवताना मी एका नियमावर बराच काळ अडून बसलो होतो. मुलांनी व्हॉट्सॲपवर प्रश्नाचा फोटो पाठवायचा नाही. प्रश्न वहीत स्वतःच्या हातानं उतरवायचा, मग रोजकीर्दीच्या नोंदी करायच्या आणि अडलं तर वही पुढे करायची. उतरवताना प्रश्न नीट वाचला जातो, अशी माझी पक्की समजूत होती. आता मी उलट सांगतो. आधी छापील पानाचा फोटो दाखवा, तुमचा उतारा नंतर बघू.

हे मत एका साध्या गणितानं बदललं. कंपनी १० रुपये दर्शनी किमतीचे २०,००० समभाग २ रुपये अधिमूल्यानं काढते. अर्जासोबत ३ रुपये, वाटपावर ५ रुपये (त्यातले २ अधिमूल्याचे) आणि शेवटच्या कॉलवर ४ रुपये घ्यायचे आहेत. अर्ज ३०,००० शेअर्सचे आले. सगळ्यांना त्याच प्रमाणात वाटप झालं, म्हणजे ३ मागितले त्याला २ मिळाले, आणि अर्जाची जादा रक्कम वाटपात वळती केली. एका भागधारकानं वाटपाचे आणि कॉलचे पैसे भरले नाहीत, त्याचे शेअर्स जप्त झाले. त्यांतले ३०० पुढे ८ रुपयांना पूर्ण भरणा झालेले म्हणून पुन्हा विकले.

एका मुलानं उतरवलेल्या प्रश्नात लिहिलं होतं, ‘६०० शेअर्स मिळालेल्या भागधारकानं’. त्यानं ते धरून सोडवलं. ६०० मिळाले तर अर्ज ९०० चा, भरलेले २,७००. त्यातले १,८०० मिळालेल्या शेअर्सच्या अर्जाचे, ९०० वाटपात वळते. वाटपाचे देणे ३,०००, म्हणून थकले २,१००. कॉलचे थकले २,४००. जप्तीच्या नोंदीत भांडवल ६,००० आणि अधिमूल्य १,२०० नावे, म्हणजे ७,२००. जमेला २,१००, २,४०० आणि जप्ती खात्याचे २,७००, तेही ७,२००. दोन्ही बाजू जुळल्या. पुढे ३०० शेअर्सच्या फेरविक्रीनंतर भांडवली राखीव निधीत ७५० गेले. पुस्तकाच्या मागेही उत्तर ७५० होतं. त्यानं खूश होऊन खाली दुहेरी रेघ मारली.

ताळेबंद मात्र बसेना. उत्तरात बँक २,३९,४०० होती, त्याची २,३७,९०० येत होती. दीड हजारांचा फरक, आणि कुठलीच नोंद चुकलेली दिसत नव्हती. तो मित्राकडून आलेल्या फोटोवरून प्रश्न उतरवत होता. फोटो मागवला तेव्हा दिसलं की पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वळलं होतं आणि ‘६०० शेअर्स’ यानंतरचा शब्द त्या वळणाच्या सावलीत गेला होता. झूम केल्यावर शेवटची अक्षरं लागली. शब्द ‘मागणाऱ्या’ होता.

म्हणजे त्या भागधारकानं ६०० मागितले होते, मिळाले ४००. त्यानं भरले १,८००. ४०० शेअर्सच्या अर्जाचे १,२०० झाले, ६०० रुपये वाटपात वळते. वाटपाचे देणे २,०००, म्हणून थकले १,४००. कॉलचे १,६००. मग जप्तीची नोंद अशी:

भाग भांडवल खाते नावे ४,०००
प्रतिभूती अधिमूल्य खाते नावे ८००
 भाग जप्ती खात्याला १,८००
 भाग वाटप खात्याला १,४००
 भाग अंतिम कॉल खात्याला १,६००

इथे अधिमूल्य का नावे टाकलं, हे मुलं हमखास विचारतात. वळत्या झालेल्या ६०० रुपयांचा पहिला मान भांडवलाचा धरतात. वाटपातला भांडवली भागच १,२०० चा होता, त्यामुळे ते ६०० त्यातच मुरले आणि अधिमूल्याचा एक रुपयाही आला नाही. न आलेलं अधिमूल्य रद्द होतं. जे एकदा हातात पडलं ते जप्तीतही नावे टाकायचं नाही.

आता गंमत बघा. ४०० शेअर्सवर १,८०० जप्त, म्हणजे शेअरमागे साडेचार रुपये. चुकीच्या वाचनातही ६०० वर २,७००, म्हणजे साडेचारच. ३०० शेअर्सचे १,३५० होतात, त्यातून २ रुपये सवलतीचे ६०० गेले की दोन्हीकडे ७५० उरतात. प्रमाण तेच असल्यामुळे चुकीचं गणित बरोबर उत्तराशी गळाभेट घेतं. फरक फक्त उरलेल्यात दिसतो. योग्य वाचनात १०० शेअर्स विकायचे राहतात आणि जप्ती खात्यात ४५० उरतात. चुकीच्यात ३०० शेअर्स आणि १,३५०. ही रक्कम ताळेबंदात भरणा झालेल्या भांडवलात मिळवून दाखवतात. बँक पाहिली नसती तर कुणालाच काही कळलं नसतं.

म्हणून माझी शिकवण्याची पद्धतही हलली. पूर्वी मी जप्तीची रक्कम ‘बाकी निघते ती’ म्हणून काढायला सांगत असे. परीक्षेत वेळ वाचतो, हे खरंच आहे. पण बाकी काढून टाकलेला आकडा जुळतो कारण त्याला जुळायलाच लावलेलं असतं. तो काही तपासत नाही. आता मी आधी एका ओळीत त्या माणसाचा हिशोब मांडायला लावतो: मागितले किती, मिळाले किती, खिशातून प्रत्यक्ष गेले किती, त्यातले अधिमूल्यात किती. जप्तीचा आकडा या ओळीतून यायला हवा आणि नोंदीतल्या बाकीशी टेकायला हवा. अर्थात ही ओळही चुकीच्या शब्दावर उभी राहिली तर जुळेलच. तिथे मदत करते ती फक्त एकूण रोकड. वाटपावर आलेले ६८,६०० की ६७,९००, एवढ्यावरून शब्द कुठला ते उलगडतं, पण त्यासाठी प्रश्नानं रोकड सांगितलेली असावी लागते. नसेल तर फोटोशिवाय उपाय नाही.

जाता जाता आणखी एक मत सोडून दिलं. हप्त्यांत पैसे घ्यायची ही रीत केवळ पाठ्यपुस्तकात जिवंत आहे, असं मी वर्गात ठामपणे सांगत असे. २०२० मध्ये रिलायन्सनं हक्कभाग १,२५७ रुपयांना काढले तेव्हा अर्जासोबत फक्त ३१४.२५ घेतले आणि उरलेले २०२१ मध्ये दोन कॉलमध्ये. वर्गातल्या कित्येकांच्या घरी ते कॉलचं पत्र आलं होतं. अर्जाची जादा रक्कम वाटपात वळती करणं मात्र खरोखर पुस्तकातच उरलं आहे. हल्ली पब्लिक इश्यूत पैसे अर्जदाराच्याच खात्यात अडवून ठेवतात आणि शेअर्स मिळाले तेवढेच कापतात.

फोटो घ्यायचा तर पान सपाट दाबून, शिवणीकडून उजेड पाडून, आणि कडेचा एकही शब्द न कापता, एवढं मी आता सांगतो. शब्द लागला नाही तर अंदाजानं भरायचा नाही, तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि दोन्ही वाचनांनी ताळेबंदापर्यंत जायचं. यात एका गणिताचा वेळ दुप्पट लागतो आणि पालकांची तक्रारही येते. ती मी ऐकून घेतो.