दुरुस्ती केली, पण कुठे?

पीएच.डी.च्या प्रबंधासोबत परीक्षकांना जे उत्तराचे पत्र जाते, त्यात सर्वाधिक वेळा येणारे वाक्य म्हणजे ‘सूचनेप्रमाणे दुरुस्ती केली आहे’. वाक्य नम्र आहे, बहुधा खरेही असते, आणि तरीही परीक्षकाच्या काहीच उपयोगाचे नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार, सुचवलेल्या दुरुस्त्या करून प्रबंध स्वीकारावा अशी दोन्ही बाह्य परीक्षकांची शिफारस असेल तर तोंडी परीक्षा होते. पण दोनअडीचशे पानांचा प्रबंध एकदा वाचून अहवाल देणारा माणूस तो पुन्हा पहिल्या पानापासून वाचणार नाही. तो पत्र उघडतो, दोन-तीन मुद्दे निवडतो आणि शितावरून भाताची परीक्षा करतो. म्हणून या पत्रातला खरा रकाना ‘काय केले’ हा नव्हे, ‘कुठे केले’ हा आहे. तिथे मोघमपणा दिसला की कुठेतरी पाणी मुरते आहे, अशी शंका येणारच.

समजा, प्रबंध कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांवर आहे. मुलाखती 120, आणि सगळे उत्पादक सहकारी संस्थांचे सभासद. निष्कर्षात मात्र लिहिले आहे की ‘पश्चिम महाराष्ट्रातील दूध उत्पादक दरापेक्षा वेळेवर मिळणाऱ्या पैशाला अधिक महत्त्व देतात’. परीक्षकाने एका ओळीत लिहिले : ‘निष्कर्षांची व्याप्ती नमुन्याच्या मर्यादेत ठेवावी.’ निष्कर्षातल्या त्या वाक्यात ‘मुलाखत घेतलेले सहकारी संस्थांचे सभासद’ असा बदल केला की काम संपले असे वाटते. पण तोच दावा गोषवाऱ्यात आहे, पाचव्या प्रकरणातल्या एका कोष्टकाच्या शीर्षकात आहे, आणि धोरणविषयक शिफारशी तर त्याच्याच जोरावर उभ्या आहेत. ‘पश्चिम महाराष्ट्र’ हे शब्द फाइलमध्ये शोधले तर पहिल्या दोन जागा सापडतील; ‘शेतकऱ्याचा सर्वसाधारण कल असा दिसतो’ असे लिहिलेली शिफारस सापडणार नाही, कारण तिथे दावा आहे, शब्द नाहीत. ती वाचूनच शोधावी लागते. पत्रातल्या त्या एका सूचनेपुढे चार जागा लिहायची वेळ आली, की जागा शोधता शोधता दुरुस्ती पुरी होते. पत्र हा केलेल्या कामाचा नुसता अहवाल नाही, त्या कामाचाच तो शेवटचा टप्पा आहे, असे माझे म्हणणे आहे ते यासाठी.

जागा सांगण्यातही गोची असते. तिसऱ्या प्रकरणात नमुनानिवडीवर दोन परिच्छेद वाढवले की पुढची सगळी पाने सरकतात. आठवड्यापूर्वी लिहिलेले पृष्ठ 187 आज 188 झालेले असते. त्यात सुरुवातीची बारा पाने रोमन अंकांची असतील तर छापील पृष्ठ 191 हे पीडीएफमध्ये 203वे पान असते, आणि परीक्षक भलत्याच पानावर पोहोचतो. त्यामुळे पृष्ठांचा रकाना अंतिम पीडीएफ तयार झाल्यावरच भरावा, पृष्ठ छापील की पीडीएफचे ते पत्राच्या डोक्यावर सांगावे, आणि सोबत ‘विभाग 6.2, परिच्छेद 3’ अशी न सरकणारी खूण द्यावी. परीक्षकाची सूचना त्याच्याच शब्दांत उतरवावी. तिच्यात तीन मागण्या दडल्या असतील तर 2.1, 2.2, 2.3 असे तुकडे करावेत, नाहीतर मधली मागणी हमखास निसटते. शुद्धलेखनाच्या चुकांना मात्र पृष्ठक्रमांकांची एक ओळ पुरे. प्रत्येक वेलांटीचा हिशेब कोणी मागत नाही.

यावर कोणी म्हणेल, बदल रंगवलेली प्रत जोडली की झाले, हा कारकुनी तक्ता कशाला? रंगीत प्रत जरूर जोडावी. पण मजकूर बदलला एवढेच रंग सांगतो. कोणाच्या कोणत्या सूचनेमुळे बदलला हे सांगत नाही, आणि जिथे काहीच बदलले नाही तिथे रंगाला बोलताच येत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : असे ओळीवार उत्तर देणे म्हणजे परीक्षकापुढे मान तुकवणे नव्हे का? उलट, मतभेद नोंदवायला या तक्त्याइतकी सोयीची जागा नाही. खासगी डेअरीला दूध घालणाऱ्यांच्या मुलाखतीही घ्याव्यात, असे परीक्षकाने सुचवले आणि ते आता शक्य नसेल, तर ‘नोंद घेतली’ असे गुळमुळीत लिहू नये. मार्गदर्शकांशी बोलून सरळ लिहावे : ‘नवीन मुलाखती घेतलेल्या नाहीत. प्रबंधाचा प्रश्न सभासदत्वाचा आहे. वगळलेल्या गटामुळे येणारी मर्यादा विभाग 3.4, परिच्छेद 2 (पृष्ठ 64) येथे नोंदवली आहे.’ नकारालाही प्रबंधात जागा हवी, कारण ग्रंथालयात आणि शोधगंगेवर वाचकाला मिळतो तो प्रबंध. परीक्षकाला लिहिलेले पत्र त्याच्या हाती येत नाही.