अझेलाइक ॲसिड: १०, १५ की २० टक्के?

"डॉक्टर, दुकानात १०, १५ आणि २० टक्के असं तिन्ही आहे. २० घेतलं तर लवकर फरक पडेल ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. ट्यूबवरचा आकडा जितका मोठा तितकं औषध जोरदार, असं आपण धरून चालतो. अझेलाइक ॲसिडच्या बाबतीत हा हिशेब चुकतो, म्हणून आज त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

हे आम्ल गहू, जव अशा धान्यांत सापडतं. त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. अझेलाइक ॲसिड त्या एन्झाइमला अडवतं. त्यातही त्याचा परिणाम मुख्यतः गरजेपेक्षा जास्त काम करणाऱ्या रंगपेशींवर होतो, शांत असलेल्या पेशींना ते फारसं छेडत नाही. म्हणून डागाभोवतीची चांगली त्वचा सहसा पांढरी पडत नाही. मात्र मूळचा रंगही त्याने उजळत नाही. गोरं होण्यासाठी कोणी हे घेत असेल, तर पैसे वाया जातील. वांग, मुरमांनंतर राहिलेले काळे डाग आणि मुरूम, यांसाठी ते उपयोगी आहे.

आता टक्क्यांकडे येऊ. २० टक्के सहसा क्रीममध्ये मिळतं आणि १५ टक्के जेलमध्ये. अझेलाइक ॲसिड पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे क्रीममधला बराचसा भाग त्वचेच्या वरच राहतो. जेलची बनावट अशी असते की औषध सुटून आत जायला सोपं पडतं. प्रयोगशाळेत त्वचेवर केलेल्या तुलनेत १५ टक्के जेलमधून २० टक्के क्रीमपेक्षा जास्त औषध आत गेल्याचं दिसलं आहे. थोडक्यात, आत किती पोहोचणार हे आकड्याइतकंच ते कशात मिसळलंय यावर ठरतं. तेलकट, मुरमांची त्वचा असेल तर मी जेल देते. कोरडी, चटकन चुरचुरणारी त्वचा असेल तर क्रीम, कारण जेलने अशी त्वचा आणखी ओढल्यासारखी होते. १० टक्के मी सुरुवातीला देते, त्वचा नाजूक झाली असेल तेव्हा.

निवड कशी होते हे एका रुग्णाच्या उदाहरणावरून सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वय ३१, शिक्षिका, दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग. मैत्रिणीने सुचवलेली क्रीम त्या सात महिने रोज लावत होत्या. पहिल्या महिन्यात चेहरा सुंदर उजळला. पुढे एक दिवस जरी क्रीम चुकली तरी आग व्हायची, लाली यायची आणि डाग परत गडद व्हायचे. गालांवर बारीक लव वाढली होती, लाल केशवाहिन्या दिसत होत्या. मी ट्यूब मागवली. तीत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड होतं.

हे तिहेरी मिश्रण वाईट औषध नाही. वांगावर त्याच्याइतकं लवकर काम करणारं मलम क्वचितच सापडेल. पण ते डॉक्टरच्या नजरेखाली, मोजक्या आठवड्यांसाठी वापरायचं असतं. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते आणि हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर कधीकधी निळसर-काळे डाग पडतात, जे घालवणं फार अवघड असतं. या बाईंना शिवाय बाळाचा विचार करायचा होता. गरोदरपणात ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन दोन्ही आम्ही टाळतो. अझेलाइक ॲसिड रक्तात फार कमी उतरतं, म्हणून गरज असल्यास ते त्या काळातही देता येतं. त्यांच्यासाठी निवड तिथेच ठरली.

ट्यूब मात्र लगेच हातात दिली नाही. आधी जुनी क्रीम बंद केली आणि चार आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. पहिले पंधरा दिवस चेहरा आणखी लाल दिसेल, हे आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर लोक घाबरून जुन्या क्रीमकडे परततात. त्यानंतर १० टक्के क्रीम, एक दिवसाआड रात्री, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढी, कोरड्या चेहऱ्यावर आणि आधी मॉइश्चरायझर लावून. दोन आठवड्यांनी रोज रात्री. सहाव्या आठवड्यानंतर २० टक्के क्रीम. त्यांची त्वचा कोरडी होती, म्हणून जेल टाळलं.

लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं खाज किंवा मुंग्या येणं सुरुवातीला सामान्य आहे, दोन-तीन आठवड्यांत ते कमी होतं. पण सकाळी उठल्यावरही लाली, सोलवटणं किंवा आग असेल, तर ते सहन करत राहू नका. आपल्या सावळ्या त्वचेत दाह झाला की तो जाताना नवा काळा डाग ठेवून जातो. अशा वेळी काही दिवस थांबायचं आणि एक दिवसाआड परत सुरू करायचं.

त्यांना फरक दिसायला जवळपास तीन महिने लागले. वरच्या ओठावरचा डाग बराच फिकट झाला, गालांवरचा निम्म्यापेक्षा थोडा जास्त. पूर्ण गेला नाही, आणि जाईल असं मी म्हटलंही नव्हतं. वांगावरच्या अभ्यासांत २० टक्के अझेलाइक ॲसिड आणि ४ टक्के हायड्रोक्विनोन यांचा परिणाम साधारण सारखा दिसला, पण ती तुलना सहा महिन्यांनंतरची आहे. म्हणून महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही.

बाकीचे पर्याय? नायसिनामाइड, ४-५ टक्के, सौम्य आहे. ते रंगद्रव्य वरच्या पेशींपर्यंत जाणं कमी करतं, म्हणून अझेलाइकच्या जोडीला चालतं, एकटं मात्र वांगाला अपुरं पडतं. व्हिटॅमिन सी सीरम हवेने, उजेडाने लवकर खराब होतं. ते गडद पिवळं-तपकिरी झालं असेल तर फेकून द्या. कोजिक ॲसिडने बऱ्याच जणांना चुरचुरतं. हे सगळं एकाच रात्री एकावर एक लावू नका, कारण त्रास झाला तर तो कशाने झाला हे कळणार नाही.

वांगात सनस्क्रीनशिवाय यातलं काहीच टिकत नाही. वांग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं, आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंग असलेलं सनस्क्रीन घ्या. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटं भरून लावा आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा.

शेवटी एक विनंती. चेहऱ्याची कुठलीही उजळवणारी क्रीम घेण्याआधी ट्यूबवरचे घटक वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं, तर ती क्रीम त्वचारोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय लावू नका. आधीपासून लावत असाल, तर ट्यूब घेऊनच भेटायला या.